तळटीप १७ : जांभळट झाकेचे भिंग

१७. परावर्तनरोधक लेप दिलेले भिंग. ही रीत झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांची, १९३५ची. हवा आणि काच (अपवर्तनांक १.५२) यांचा प्रकाशलहरींसाठीचा इंपीडन्स जुळत नाही, म्हणून उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. मधल्या थराचा इंपीडन्स दोहोंचा भूमितीय मध्य हवा, म्हणजे अपवर्तनांक √१.५२, सुमारे १.२३. इतका कमी अपवर्तनांक असलेला टिकाऊ घन पदार्थ सहज मिळत नाही, म्हणून १.३८चे मॅग्नेशियम फ्लोराइड वापरतात. जाडी थरातील तरंगलांबीच्या पाव : ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी ५५० ÷ (४ × १.३८), सुमारे १०० नॅनोमीटर. मग हिरव्याचे परावर्तन १.३ टक्क्यांवर येते. तांबडा आणि निळा त्याहून अधिक परततात. ही झाक त्यांचीच.