वाशीम, वसीम आणि इटलीचं वासरू

मी मूळचा जऊळक्याचा. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाशीमच्या आधी आमचं स्टेशन लागतं. त्या गाडीत एक प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय : "वाशीम म्हंजे कोन्या वसीमचं गाव होतं का जी?" विचारणारा सहज विचारतो. पण हल्ली गावांच्या नावांवरून भांडणं पेटतात, तेव्हा हाच प्रश्न कुणी सहज विचारत नाही. म्हणून आजचा भाग या एका नावावर. दोन नावं सारखी ऐकू आली, तर ती खरंच नात्यातली आहेत की निव्वळ योगायोग, हे कसं ओळखायचं, ते वाशीमवरूनच पाहू.

पहिली पायरी सगळ्यात सोपी आणि तीच बहुतेक जण गाळतात. आजची रूपं बाजूला ठेवायची आणि नावाची जुनी लिखित रूपं शोधायची.

वाशीमच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. १९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. तो इसवीसनाच्या चौथ्या शतकातला, काही भाग संस्कृतात, काही प्राकृतात. तो जिथून दिला त्या राजधानीचं नाव आहे वत्सगुल्म. वाकाटकांची जी शाखा तिथे राज्य करत होती, तिच्याच हरिषेण राजाच्या मंत्र्याचा लेख अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात आहे. पुढे इसवीसन ९०० च्या सुमारास राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकात हेच गाव ‘वच्छोम’ म्हणून येतं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये ते ‘बासिम’ होतं. म्हणजे वत्सगुल्म, वच्छोम, वाशीम अशी साखळी झाली.

आता ‘वसीम’ पाहा. हा अरबी शब्द, अर्थ देखणा. त्याचा धातू व-स-म, आणि त्या धातूत ‘व’, ‘स’, ‘म’ ही तिन्ही व्यंजनं मुळातलीच आहेत. आपल्या वाशीमचा ‘श’ मात्र चौथ्या शतकात ‘त्स’ होता, आणि ‘म’ हा ‘गुल्म’चा उरलेला शेपटा आहे. जसजसं मागे जावं तसतशी ही दोन नावं एकमेकांपासून लांब जातात. खऱ्या नात्यात बहुतेक वेळा उलटं होतं, मागे जाल तसे शब्द जवळ येतात. शिवाय काळही जुळत नाही. ताम्रपट इस्लामच्या उदयाच्या दोनशेहून अधिक वर्षं आधीचा. तेव्हा वाशीम–वसीम हा योगायोग. इथे प्रश्न मिटला.

पण कुणी म्हणेल, "वत्सगुल्माचं वाशीम झालं हे तरी कशावरून? तेही ओढूनताणून जुळवलं असेल!" शंका रास्त आहे. म्हणून दुसरी पायरी : एका शब्दात झालेला बदल दुसऱ्या शब्दांतही तसाच झालेला दिसला पाहिजे. एकट्या शब्दासाठी काढलेला नियम हा नियम नसतो.

संस्कृतातला ‘त्स’ प्राकृतात ‘च्छ’ झाला आणि त्या ‘च्छ’चा मराठीत ‘स’ झाला. मत्स्य, मच्छ, मासा. वत्सरूप, वच्छरूव, वासरू. हिंदीने मात्र ‘छ’ तसाच ठेवला, म्हणून आपण म्हणतो मासळी आणि ते म्हणतात मछली. आपलं पुसणं त्यांचं पूछना, आपली सुरी त्यांची छुरी. पुढे ‘इ’ आला तर आपला ‘स’ ‘श’कडे झुकतो. आपल्याला शिंक येते, त्यांना छींक. वाशीममध्ये ‘शी’ का, याचं उत्तर इथे आहे. आणि आपला ‘व’ तिकडे ‘ब’ होतो : वीस–बीस, वाळू–बालू. म्हणून आपलं वासरू ते हिंदीत बछड़ा. ऐकायला हे दोन शब्द कुठे सारखे आहेत? तरी सख्खे आहेत, कारण फरक रांगेत बसतो.

‘गुल्म’ म्हणजे झाडी. दोन स्वरांच्या मधला ‘ग’ गळणं हेही ओळखीचं आहे. ‘नगर’मधला ‘ग’ असाच गळला आणि संगमनेर, पारनेरचं ‘नेर’ उरलं. पण वच्छोममधल्या ‘ओ’चा ‘ई’ होणं तितकं नियमात बसत नाही. गावांच्या नावांची शेपटं बोलताना झिजतात, तिथे असं होतं. इथे साखळी टिकते ती मधल्या लिखित रूपामुळे.

आता वत्स हा शब्द हातात धरून थोडं लांब जाऊ. वत्स म्हणजे वासरू, पण मुळात बहुधा ‘वर्षाचं जनावर’. कारण वत्सर म्हणजे वर्ष, आणि गुढीपाडव्याला पंचांगात वाचतो तो संवत्सरही त्यातलाच. ग्रीकमध्ये वर्षाला ‘एतोस’ म्हणतात, आणि त्याचं फार जुनं, मातीच्या पाट्यांवर कोरलेलं रूप ‘वेतो’ असं आहे. ग्रीकने पुढे सुरुवातीचा ‘व’ टाकून दिला. लॅटिनमध्ये ‘वेतुस’ म्हणजे जुना, वर्षं झालेला, आणि ‘वितुलुस’ म्हणजे वासरू. यावरून अभ्यासक ‘वेत’ असं मूळ मांडतात. ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, वंशज शब्दांवरून काढलेलं आहे.

संस्कृतात ‘व’नंतर ‘अ’ आणि लॅटिनमध्ये ‘ए’, हे कसं चालतं? चालतं, कारण हेही रांगेत आहे. सप्त–सेप्तेम, दश–देकेम, अस्ति–एस्त. जिथे लॅटिनने ‘ए’ जपला, तिथे संस्कृतात ‘अ’ झाला. ‘वितुलुस’मध्ये ‘ए’ऐवजी ‘इ’ का, यावर मात्र अभ्यासकांची घासाघीस चालते.

आणि आता गंमत. इटलीच्या दक्षिणेकडे ऑस्कन नावाची लॅटिनची बहीणभाषा बोलत. इसवीसनापूर्वी ९१ मध्ये तिथल्या टोळ्यांनी रोमविरुद्ध बंड केलं आणि स्वतःची नाणी पाडली. त्यांवर देशाचं नाव आहे ‘वितेलिउ’. एका नाण्यावर बैल रोमच्या लांडगीला शिंगांनी तुडवतोय. ‘इटालिया’ हे नाव याच ‘वितेलिउ’शी जोडलं जातं, अर्थ वासरांचा देश. पुढचा ‘व’ गेला कारण नाव ग्रीकांच्या तोंडून आलं, आणि ग्रीक ‘व’ टाकतात हे आपण आताच पाहिलं. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण आजवरच्या पर्यायांत ती भक्कम मानली जाते.

म्हणजे वसीम सारखा वाटतो आणि परका निघतो, इटली परकी वाटते आणि बहुधा नात्यातली निघते.

पण थांबा, उद्या कुणी फॉरवर्ड करेल की वाशीमच्या लोकांनी इटली वसवली! नातं ‘वत्स’ आणि ‘वितुलुस’ या शब्दांचं आहे, गावांचं नाही. एकाच आजीचे दोन नातू दोन देशांत गेले आणि आजीचा शब्द वापरून दोघांनी आपापल्या गावाला नाव दिलं, इतकंच. आणि ती आजी संस्कृतही नव्हे, लॅटिनही नव्हे. संस्कृतातून लॅटिन निघाली असती, तर संस्कृतात एकत्र झालेले ‘ए’ आणि ‘अ’ लॅटिनला पुन्हा नेमके वेगळे कसे करता आले असते?

तिसरी गोष्ट, उसना शब्द आणि वारशाचा शब्द. इंग्रजीत दोन्ही आहेत. ‘व्हेटरन’ हा लॅटिन ‘वेतुस’वरून उसना घेतलेला, म्हणून त्यात ‘त’चा ट तसाच दिसतो. खच्ची केलेल्या मेंढ्याला इंग्रजीत ‘वेदर’ म्हणतात, तो मात्र वारशाचा. इंग्रजीच्या घराण्यात जुना ‘त’ बदलून ‘थ’ झाला : त्रि–थ्री, तनु–थिन, तृषा–थर्स्ट. गॉथिक भाषेत हाच शब्द ‘विथ्रुस’ आहे, अर्थ कोकरू. उसना शब्द नियमाच्या बाहेर राहतो, म्हणून ओळखू येतो. आणि हवामान या अर्थाचा इंग्रजी ‘वेदर’? उच्चार तोच, पण तो वाहण्याच्या धातूतला, आपल्या ‘वात’चा नातेवाईक. एकाच भाषेत, एकाच उच्चाराचे दोन शब्द, आणि नातं शून्य. अर्थही जुळला तरी फसू नये. फारसी ‘बद’, आपल्या बदनाममधला, आणि इंग्रजी ‘बॅड’ दोन्हींचा अर्थ वाईट. पण फारसीचं जुनं रूप ‘वद’ आहे. मागे गेलं की साम्य सुटतं.

जाता जाता एक तुमच्यासाठी. वसूबारस म्हणजे गोवत्स द्वादशी, त्या दिवशी गाय-वासराची पूजा. राजस्थानात भाद्रपदात ‘बछबारस’ असते, पूजा तीच. ‘व’ला ‘ब’, ‘स’ला ‘छ’, दोन्ही रांगेत. वसू म्हणजे धन असं आपण ऐकतो, पण मला त्यात वासरू दिसतं. अडतं एकच : मासा, वासरू यांत ‘आ’ आहे, वसूमध्ये ‘अ’. तेवढ्यासाठी मी ‘बहुधा’ म्हणेन, ‘नक्की’ म्हणणार नाही. कुणाकडे जुन्या पोथीत या सणाचं नाव ‘वासूबारस’ किंवा ‘वाच्छ’ अशा रूपात लिहिलेलं असेल, तर फोटो काढून पाठवा.

आणि हो, जऊळक्याचं काय, हा प्रश्न येणारच. जवळ, जावळ, जुळं, जे सुचेल ते लोक जोडतात. त्याआधी जुने सातबारे, मोडीतले कागद, देवळातले लेख यांतली नावाची रूपं गोळा करायला हवीत. जऊळका, मालेगाव, वाशीमकडच्या मंडळींनी घरातली ट्रंक उघडून पाहावी. एक जुनं रूप शंभर तर्कांना भारी पडतं. भेटू पुढच्या भागात.