नाममुद्रेची पूर्वतपासणी

नाममुद्रेची पूर्वतपासणी म्हणजे उत्पादनासाठी निवडलेले नाव वेगळे ओळखू येते का आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा आधीचा हक्क आहे का, हे बोधचिन्ह व वेष्टन तयार करण्यापूर्वी पाहणे होय. भारतात हा विषय व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कक्षेत येतो.

नावाचे वेगळेपण

मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान एवढेच सांगणारे नाव अधिनियमाच्या कलम ९ नुसार सहसा नोंदवले जात नाही. साताऱ्यात ‘कंदी पेढे’ हे मिठाईच्या प्रकाराचे नाव आहे. ते एका दुकानदाराची ओळख ठरत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे ‘सांगली हळद’ हे नाव एखाद्या विक्रेत्याची खासगी नाममुद्रा होणे कठीण असते. शिवाय दुसऱ्या प्रदेशातील हळदीसाठी ते वापरल्यास ग्राहकाची दिशाभूल होते.

साम्याचा शोध

सांगलीतील एखाद्या हळद विक्रेत्याने ‘सुवर्णधारा’ हे नाव निवडले, असे समजू. हळद पूड वर्ग ३० मध्ये मोडते. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर या वर्गात हुबेहूब शब्द शोधणे पुरेसे नसते. उच्चारानुसार शोधही घ्यावा लागतो. ‘स्वर्णधारा’, ‘सुवर्णधार’ यांसारखी रूपे आणि रोमन लिपीतील वेगवेगळी स्पेलिंगे तपासावी लागतात. सापडलेल्या प्रत्येक नोंदीचा माल, अर्जदार आणि सद्यस्थिती पाहिली जाते.

साम्य कसे जोखावे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ मधील ‘अमृतधारा’ प्रकरणातून कळते. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही दोन औषधांची नावे होती. शब्दांचे तुकडे करून अर्थ तपासणारा अभ्यासक नव्हे, तर अंधूक आठवणीवर खरेदी करणारा सामान्य ग्राहक न्यायालयाने डोळ्यांसमोर ठेवला आणि नावे भ्रामक साम्याची ठरवली. मात्र ‘अमृतधारा’च्या मालकाने दीर्घकाळ हरकत न घेतल्यामुळे ‘लक्ष्मणधारा’ची नोंदणी उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती मान्य झाली.

मर्यादा

नोंदवही कोरी दिसली, तरी नाव निर्धोक ठरत नाही. नोंदणी न करता आधीपासून नाव वापरणाऱ्यालाही कायद्याचे संरक्षण मिळू शकते. म्हणून बाजार समिती, किराणा दुकाने आणि ऑनलाइन विक्री यांतील वेष्टनेही पाहिली जातात. कंपनीचे नाव मंजूर होणे किंवा संकेतस्थळाचे नाव उपलब्ध असणे हा व्यापारचिन्हाचा पुरावा नसतो. अर्जाची जाहिरात व्यापारचिन्ह पत्रिकेत आल्यावर ४ महिन्यांत विरोध नोंदवता येतो. त्यामुळे तपासणी धोका कमी करते, नोंदणीची हमी देत नाही. जवळचे साम्य आढळल्यास नाव बदलण्याचा खर्च या टप्प्यावर सर्वांत कमी असतो. वेष्टने छापून माल दुकानांत पोहोचल्यानंतर तो अनेक पटींनी वाढतो.