बारा वजा सात : एका पाठामागचा पाच शिक्षकांचा अभ्यास

पहिलीच्या वर्गात वजाबाकी शिकवायची आहे. फळ्यावर पहिले उदाहरण कोणते लिहावे? १३ वजा ९, १५ वजा ८ की १२ वजा ७? आपल्याकडे पुस्तकात जे आधी आले ते लिहून शिक्षक पुढे जातात. जपानमधील प्राथमिक शिक्षक मात्र या एका प्रश्नावर एकत्र बसून एखादी संपूर्ण दुपार खर्ची घालतात. 'जुग्यो केनक्यू' म्हणजे पाठाचा अभ्यास या नावाने ही पद्धत तेथे अनेक दशके रुजलेली आहे. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांच्या 'द टीचिंग गॅप' (१९९९) या पुस्तकामुळे ती जपानबाहेर परिचित झाली. हिरोशिमा परिसरातील एका शाळेत माकोतो योशिदा यांनी अशा अभ्यासाची तपशीलवार नोंद केली असून, तेथील शिक्षकांनी बऱ्याच चर्चेअंती निवडलेले उदाहरण १२ वजा ७ हेच होते.

या पद्धतीत चार ते सहा शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. त्यांतील एक जण तो प्रत्यक्ष वर्गात घेतो व बाकीचे निरीक्षण करतात. त्याच दिवशी चर्चा होते, पाठ दुरुस्त केला जातो आणि बहुधा दुसरा शिक्षक दुसऱ्या तुकडीवर तो पुन्हा घेतो. वरवर पाहता हा आपल्याकडील 'आदर्श पाठा'चाच प्रकार वाटेल. परंतु दोहोंत मूलभूत अंतर आहे. आदर्श पाठात शिक्षकाचे कौशल्य पाहावयाचे असते, तर येथे मुले विचार कसा करतील याविषयी गटाने बांधलेला अंदाज पडताळावयाचा असतो. म्हणूनच चक्राची आखणी तासाच्या कितीतरी आधी सुरू होते.

आरंभ अडचणीच्या घटकापासून करावा. मुलांना सहज जमणारा, दिखाऊ घटक निवडला तर पाहण्यासारखे काही उरत नाही. दशक मोडून करावयाची वजाबाकी हा त्या दृष्टीने योग्य घटक होय. त्यानंतर निदान दोन बैठका केवळ आशय समजून घेण्यासाठी ठेवाव्यात. निरनिराळ्या पाठ्यपुस्तकांत हा घटक कसा मांडला आहे, त्याआधी मुले काय शिकली आहेत, हे या बैठकांत पाहावयाचे असते. घाईच्या गटांकडून नेमका हाच टप्पा वगळला जातो आणि पुढचे सारे चक्र पोकळ होते.

संख्यांची निवड इतकी का महत्त्वाची, हे उदाहरणावरूनच स्पष्ट होईल. १३ वजा ९ दिले, तर दहातून नऊ काढून उरलेला एक तीनमध्ये मिळवणे सोपे जाते. म्हणजे ते उदाहरण मुलाला एकाच वाटेने नेते. १२ वजा ३ दिले, तर मूल बोटांवर मागे मोजून मोकळे होते व दशक मोडण्याची गरजच त्याला भासत नाही. १२ वजा ७ मध्ये दोन्ही वाटा खुल्या राहतात. दहातून सात काढून तीन आणि दोन पाच, असे एक मूल करील. आधी सुटे दोन काढून मग दहातून पाच काढावेत, असे दुसरे करील. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडून त्यांची तुलना करता येते.

मात्र या उदाहरणात एक छुपा धोकाही आहे. दोनातून सात जात नाहीत असे पाहून सातातूनच दोन वजा करणारी आणि दशकाला विसरणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांचेही उत्तर पाचच येते! रीत चुकीची आणि उत्तर बरोबर. केवळ उत्तर पाहणाऱ्या शिक्षकाच्या हे कधीच लक्षात येणार नाही. ११ वजा ६ मध्येही तोच प्रकार होतो. १३ वजा ९ मध्ये मात्र अशा मुलाचे उत्तर चारऐवजी सहा येते व चूक उघडी पडते.

गटाच्या पाठटाचणात या साऱ्याला जागा हवी. आपले नेहमीचे टाचण शिक्षककृती व विद्यार्थीकृती या रकान्यांत मांडले जाते आणि विद्यार्थीकृतीखाली 'मुले उत्तरे देतील' असे लिहून काम भागते. येथे तो रकाना सर्वांत लांब असावा. मुलांच्या चार-पाच संभाव्य रीती त्यांच्या चुकांसह, शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहाव्यात. प्रत्येकीसमोर शिक्षक कोणता प्रश्न विचारील आणि निरीक्षकाने काय टिपावे, हेही नोंदवावे. विचारावयाचा मुख्य प्रश्न शब्दशः ठरवावा आणि तासाच्या शेवटी फळा कसा दिसेल, याचे चित्र काढून ठेवावे. जपानी शिक्षक तासात फळा शक्यतो पुसत नाहीत. साऱ्या रीती मुलांसमोर अखेरपर्यंत राहतात.

मराठी वर्गासाठी येथे एक भर घालावी लागेल. जपानी भाषेत बाराला 'दहा-दोन' अशा अर्थाचा शब्द आहे, त्यामुळे दहा ऐकूच येतो. आपल्या 'बारा'मध्ये तो लपलेला असतो. तेव्हा दहा काड्यांची जुडी आणि दोन सुट्या काड्या हाती दिल्यावाचून तेथला पाठ येथे जसाच्या तसा उतरणार नाही.

निरीक्षकांना कामे वाटून द्यावीत. पाच जणांच्या गटात एक शिकवील; उरलेल्या चौघांनी प्रत्येकी दोन-तीन ठरावीक मुलांजवळ उभे राहावे. मुलांना मदत करू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा. एका इशाऱ्यानेही पुरावा बिघडतो. 'मुले रमली होती' ही नोंद निरुपयोगी आहे. 'दहाव्या मिनिटाला मुलीने जुडी न सोडता सात काड्या बाजूच्या डब्यातून आणल्या' ही नोंद उपयोगी, कारण जुडी सोडता येते हेच तिला उमगले नव्हते, असे त्यावरून दिसते.

वेळेची अडचण खरी आहे. जपानमध्ये अशा दिवशी इतर वर्गांना बहुधा लवकर सोडतात. आपल्याकडील दोन सत्रांच्या शाळांत सकाळच्या शिक्षकांना दुपारचा तास पाहता येईल. चर्चा मात्र त्याच दिवशी व्हावी. नोंदी शिळ्या झाल्या की मतेच उरतात. चर्चेत पाठ घेणारा शिक्षक प्रथम बोलतो, मग निरीक्षक पुरावे मांडतात आणि बाहेरून बोलावलेली विषयाची जाणकार व्यक्ती शेवटी भाष्य करते. पाठ सर्वांचा असल्याने 'तुम्ही असे का केले' याऐवजी 'आपण हे का ओळखले नाही' असा प्रश्न येतो. नुसती स्तुतीच ऐकू आली, तर चक्र फसले असे खुशाल समजावे.

दुरुस्ती एक-दोन मुद्द्यांपुरतीच ठेवावी. समजा, उलटी वजाबाकी करणारी मुले बरोबर उत्तराच्या आड लपली असे आढळले, तर १२ वजा ७ कायम ठेवून त्यालाच जोडून १३ वजा ९ द्यावे आणि दुसऱ्या तुकडीत तीच मुले आता उघडी पडतात का, एवढेच पाहावे. सारेच एकदम बदलले तर कशाने काय झाले, हे कळत नाही.

या पद्धतीने गुण वाढतातच, असा दावा करता येत नाही. इंग्लंडमध्ये एज्युकेशन एन्डाउमेन्ट फाउंडेशनने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षातील मुलांच्या गणित व वाचनात त्यामुळे सुधारणा झाल्याचे आढळले नाही. तुलनेसाठी घेतलेल्या काही शाळाही असेच काही करीत होत्या, हेही त्या अहवालात नमूद आहे. एका वर्षात एकच चक्र करणाऱ्या शाळेने तर परीक्षेच्या निकालात त्याचा माग शोधूच नये. तिच्या हाती येईल ते एक दुरुस्त टाचण आणि पुढील वर्षी पहिलीला शिकवणाऱ्या शिक्षकासाठी मुलांच्या पाच रीतींची यादी.