फोन म्हणतो विष्णुपुरी, माणूस मात्र लातुरात: खोटं लोकेशन कसं ओळखतात?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देशभरातल्या अशा महाविद्यालयांतील प्राध्यापकांची हजेरी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १ मे २०२५ पासून चेहरा आणि जीपीएस तपासणाऱ्या मोबाइल ॲपवर आणली. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी किंवा सर्व्हे करणाऱ्यांसारख्या फिरत्या कर्मचाऱ्यांकडूनही अशीच हजेरी घेतली जाते. फरक एवढाच, की त्यांचं ठिकाण दिवसभर बदलत असतं.

चेक-इनमध्ये काय नोंदलं जातं?

बटण दाबलं की फोन अक्षांश, रेखांश, वेळ आणि अंदाजे किती मीटरची चूक असू शकते हे पाठवतो. भेटीच्या जागेभोवती, समजा १०० मीटरचं, वर्तुळ आखलेलं असतं. त्याला जिओफेन्स म्हणतात. नोंद वर्तुळाच्या आत असेल तर हजेरी लागते.

मग लोकेशन खोटं कसं होतं?

अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये `Select mock location app` हा पर्याय असतो. तो ॲप तपासणाऱ्यांसाठी आहे, पण त्यातून घरबसल्या हवी ती जागा दाखवता येते. असं लोकेशन आलं की अँड्रॉइड त्यावर खूण करतं आणि हजेरीचं ॲप ती `isMock()` वापरून वाचू शकतं. मात्र रूट केलेल्या फोनमध्ये ही खूण लपवता येते. म्हणून नोंदींकडेही पाहावं लागतं.

नोंदी काय सांगतात?

समजा, एका प्रतिनिधीची नोंद सकाळी १० वाजता विष्णुपुरीत आहे आणि १० वाजून २० मिनिटांनी लातुरात. सरळ रेषेतही हे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग. हे शक्य नाही.

दुसरी खूण म्हणजे नको इतका नेमकेपणा. खरं जीपीएस एकाच जागी उभं राहूनही काही मीटर इकडेतिकडे सरकतं. आठवडाभराच्या भेटींचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखेच असतील, तर शंका घ्यायला जागा आहे.

पण घाई नको

रेंज नसताना केलेल्या नोंदी फोनमध्ये साठतात आणि नंतर एकदम सर्व्हरवर पोहोचतात. पोहोचल्याच्या वेळेवरून हिशेब केला, तर प्रामाणिक माणूसही विमानाच्या वेगाने फिरल्यासारखा दिसतो. म्हणून लोकेशन प्रत्यक्ष मिळालं ती वेळ धरावी. रुग्णालयाच्या जाड भिंतींआड उपग्रहांचा सिग्नल क्षीण होतो आणि खरी भेटही वर्तुळाबाहेर दिसू शकते. अशा वेळी चुकीचा अंदाज किती मीटरचा होता, ते आधी पाहावं.

त्यामुळे एका नोंदीवरून पगार कापणं योग्य नाही. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, की भेटीची सही, बिल किंवा डॉक्टरांकडची नोंद तपासावी आणि कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकावं. शेवटी ॲप फोन कुठे होता एवढंच सांगतं. काम झालं की नाही, हे त्यातून कळत नाही.