खुर्ची न सोडणारा राउटर

अर्पानेटच्या काळात एका लाइनच्या दोन टोकांना दोनच यंत्रं असायची. नेटवर्कचा नकाशा शेजाऱ्याला द्यायचा, त्यानं तो पुढे पाठवायचा, एवढा साधा हिशेब. लिंक-स्टेट राउटिंग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस याच वातावरणात तयार झालं.

मग इथरनेट आलं आणि एकाच केबलवर दहा-दहा राउटर बसले. प्रत्येकानं प्रत्येकाशी नकाशा ताडून पाहायचा तर ४५ जोड्या होतात, वीस राउटर असतील तर १९०. वर एखादी लाइन तुटली की तीच बातमी सगळे सगळ्यांना सांगत बसणार.

यावर, केबलवरच्या सगळ्यांच्या वतीनं बोलणारा एक राउटर निवडायचा, ही कल्पना आयएस-आयएस या प्रोटोकॉलमध्ये आधीच होती. पण तिथे जास्त प्रायॉरिटीचा नवा राउटर आला की जुन्याला लगेच बाजूला सारतो आणि राखीव कुणीच नसतो. १९८९ साली जॉन मॉय यांनी लिहिलेला ओएसपीएफचा पहिला आरएफसी, ११३१ क्रमांकाचा, प्रसिद्ध झाला. ओएसपीएफनं इथे वेगळी वाट धरली.

इथे डेझिग्नेटेड राउटर, म्हणजे डीआर, आणि त्याचा राखीव बीडीआर असे दोघं निवडले जातात. राउटर साधारण दर १० सेकंदांनी हॅलो पाठवतात, त्यात प्रायॉरिटी असते. ती सारखी असेल तर मोठा राउटर आयडी जिंकतो. बाकीचे नकाशा जुळवतात तो फक्त या दोघांशी. दहा राउटरांमध्ये डीआरच्या ९ जोड्या आणि बीडीआरच्या उरलेल्या ८, एकूण १७. बदलाची बातमी 224.0.0.6 या पत्त्यावर दोघांना जाते, मग डीआर ती 224.0.0.5 वर सगळ्यांना ऐकवतो. तुमचा-आमचा डेटा मात्र डीआरमधून जात नाही. तो ज्याचा त्याला थेट जातो.

आता त्याच केबलवर २५५ प्रायॉरिटीचा, म्हणजे सगळ्यात वरचा, नवा राउटर लावा. त्यावर `show ip ospf neighbor` दिलं तर दोन शेजारी `FULL/DR` आणि `FULL/BDR` दिसतात, बाकीचे `2WAY/DROTHER`. नवखा इंजिनिअर या `2WAY` ला बिघाड समजतो, पण ती ठरवलेलीच स्थिती आहे. नव्या राउटरला खुर्ची मिळत नाही, कारण डीआर बदलला की सगळ्या जोड्या नव्यानं जुळवाव्या लागतात. डीआर कोण असेल हे आधी सांगता येत नाही, ही किंमत ओएसपीएफनं जाणूनबुजून मोजली. मला हा सौदा रास्त वाटतो.

डीआर बंद पडला की नेहमीच्या सेटिंगमध्ये ४० सेकंदांत ते कळतं. बीडीआर वर सरकतो. त्याच्या जोड्या तयारच असतात. आपला २५५ वाला तेव्हा कुठे बीडीआर होतो. जुना डीआर परत आला तरी त्याला रांगेतच उभं राहावं लागतं.

अमुकच राउटर डीआर हवा असेल तर बाकीच्यांची प्रायॉरिटी ० करतात, म्हणजे ते निवडणुकीतच नसतात. पण मग तो एकटा पडला की राखीव कुणी नाही. आणि चुकून सगळ्यांचीच ० केली, तर हॅलो चालू राहतात, सगळे `2WAY` वर थांबतात आणि एकही रूट कुणाकडे पोहोचत नाही.