प्रतिस्थापनातील dx : लायब्निझच्या इशाऱ्याचा ऐतिहासिक अभ्यास

समाकलनाच्या चिन्हाशेजारी लिहिला जाणारा dx हा ‘कोणत्या चलाच्या संदर्भात समाकलन करावयाचे’ एवढेच सांगणारा खुणेचा शब्द आहे, असे अनेक पाठ्यपुस्तकांच्या मांडणीवरून वाटते. हे चिन्ह ज्याने घडविले त्या गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निझची भूमिका मात्र वेगळी होती. तिचा विचार केल्यास प्रतिस्थापनात वारंवार घडणाऱ्या चुकांचे मूळ स्पष्ट होते.

काव्हालिएरीने १६३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आकृतीचे क्षेत्रफळ तिच्यातील ‘सर्व रेषां’च्या समुदायावरून अभ्यासण्याची पद्धत मांडली होती. तिचाच वारसा घेऊन लायब्निझ आरंभी ‘ओम्नेस’ (सर्व) या लॅटिन शब्दाचे संक्षिप्त रूप वापरीत असे. पॅरिसमध्ये असताना २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात त्याने त्याऐवजी ∫ हे चिन्ह योजिले. त्या दिवशी त्याने ∫ l असे लिहिले. पुढे कोणताही अवकल नव्हता. त्याच टिपणात ∫ मुळे राशीची मिती वाढते, तर d मुळे ती घटते, असा विचार त्याने केला आणि म्हणून d छेदस्थानी ठेवला. ११ नोव्हेंबरच्या टिपणात x/d च्या जागी dx आला. अवघ्या दोन आठवड्यांत झालेला हा बदल दिसावयास किरकोळ आहे; परंतु रेषांच्या समुदायाऐवजी y dx या पट्ट्यांची बेरीज करण्याची दृष्टी त्यामुळे चिन्हातच उतरली.

१६८६ मध्ये ‘आक्टा एरुदितोरुम’ या नियतकालिकातील लेखात ∫ हे चिन्ह प्रथम छापले गेले. त्याच लेखात लायब्निझने इशारा दिला की dx निष्काळजीपणे गाळू नये. x समप्रमाणात वाढतो असे गृहीत धरल्यास तो गाळता येतो, हे त्याला मान्य होते. मात्र x ची वाढ कोणत्याही रीतीने होऊ शकते ही व्यापकता सोडल्यामुळेच बहुतेकांचा पुढचा मार्ग खुंटला, असे त्याचे म्हणणे होते. आकृत्यांची असंख्य रूपांतरे याच व्यापकतेतून निघतात. प्रतिस्थापन हे असेच एक रूपांतर होय.

a त्रिज्येच्या वर्तुळाच्या चतुर्थांशाचे उदाहरण घेऊ. त्याचे क्षेत्रफळ

∫ √(a² − x²) dx, x = 0 ते x = a

असे आहे. x = a sin t मानल्यास √(a² − x²) = a cos t होते आणि सीमा 0 व π/2 होतात. येथे dx च्या जागी सरळ dt लिहिला, तर ∫ a cos t dt = a असे उत्तर येते. a = 1 असेल तर उत्तर 1 येईल. वरवर ते निरुपद्रवी वाटते. परंतु 1 हे तर त्या चतुर्थांशाला सामावून घेणाऱ्या चौरसाचे क्षेत्रफळ, आणि चतुर्थांश त्याहून लहानच असला पाहिजे. a तसाच ठेवला तर दोष अधिक उघड होतो, कारण क्षेत्रफळाचे उत्तर केवळ एक लांबी म्हणून येते. लायब्निझचा मितीविषयीचा मूळ विचार येथे कसोटी म्हणून उपयोगी पडतो. (त्रिज्या 1 घेण्याची सवय ही कसोटीच हिरावून घेते.)

चूक नेमकी कोठे होते? t चे 0°, 30°, 60°, 90° असे समान टप्पे घेतले, तर x/a च्या किमती 0, 0.5, 0.866 व 1 येतात. म्हणजे पट्ट्यांची रुंदी अनुक्रमे 0.5, 0.366 व 0.134 भरते. उभ्या रेषा त्याच असल्या तरी त्यांमधील अंतरे टोकाकडे आखडत जातात. dx = a cos t dt हा गुणक ते आखडणेच नोंदवितो. तो ठेवल्यास

∫ a² cos² t dt, t = 0 ते t = π/2

याची किंमत πa²/4 येते. काव्हालिएरीच्या रेषा हाती असूनही त्यांमधील अंतर नोंदले नाही, तर क्षेत्रफळ निश्चित होत नाही, ते यामुळेच.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. तीत अवकल गाळला जात नाही, पण जुळत नाही. ∫ √(1 + x²) dx मध्ये u = 1 + x² मानले की du = 2x dx, म्हणून dx = du/2x. येथवर सर्व ठीक आहे. परंतु पुढे 1/2x स्थिरांकाप्रमाणे बाहेर काढून (1 + x²)^(3/2)/3x असे उत्तर लिहिले जाते. त्याचे अवकलन केल्यास √(1 + x²) बरोबर −(1 + x²)^(3/2)/3x² हे जादा पद मिळते. बाहेर काढलेला x हा चल होता, हेच ते पद दाखविते. x धन असताना तो √(u − 1) असाच लिहावा लागतो, आणि तसे केल्यावर हे प्रतिस्थापन समाकलन सोपे करीत नाही, हे ध्यानात येते. मूळ राशी x√(1 + x²) असती, तर तोच x अवकलात सामावला असता आणि (1 + x²)^(3/2)/3 हे उत्तर निर्दोष ठरले असते.