तीन टीझर आणि पंधरा मिलीची बाटली

नवं सीरम बाजारात आणण्याआधी इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट टाकायच्या, हा आता रिवाज झाला आहे. पहिल्या पोस्टमध्ये धूसर बाटली, दुसरीत एखादा थेंब, तिसरीत तारीख. अशा मालिकेत काहीतरी लपवलेलं असतं, पण ते काय आहे हे जाणून घ्यावंसं कोणाला वाटत नाही. जॉर्ज लोवेन्स्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने 1994 साली कुतूहलाची जी मांडणी केली, ती इथे उपयोगी पडते. माणसाला थोडं ठाऊक असतं, आपल्याला नेमकं काय ठाऊक नाही हेही कळतं, तेव्हा कुतूहल जागं होतं. काहीच ठाऊक नसेल तर कुतूहलही नाही. धूसर बाटली बघणाऱ्याला काहीच सांगत नाही, म्हणून तिच्याबद्दल प्रश्नही पडत नाही.

तीन टप्प्यांच्या टीझरचं गाजलेलं उदाहरण 1981 सालचं, फ्रान्समधलं आहे. जाहिरातफलक लावणाऱ्या आव्हनीर या कंपनीने बिकिनी घातलेल्या तरुणीचं पोस्टर लावलं. 2 सप्टेंबरला मी वरचा कपडा काढीन, असं त्यावर लिहिलेलं होतं. 2 तारखेला नवं पोस्टर आलं, तिने शब्द पाळलेला होता आणि आता 4 तारखेचं वचन होतं. तिसऱ्या पोस्टरवर ती पाठमोरी उभी होती आणि ओळ होती, दिलेला शब्द पाळणारी फलक कंपनी. चित्राची निवड सवंग होती यात वाद नाही. बांधणी मात्र पक्की होती. ठरल्या दिवशी गावभर पोस्टर बदलणं हाच त्या कंपनीचा माल होता आणि उत्कंठाही त्याच गोष्टीची होती. टीझर जी गोष्ट ताणून धरतो ती मालाच्या गाभ्यातली असायला हवी.

सीरमच्या बाबतीत हा गाभा कोणता, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. पुण्यातला एक छोटा ब्रँड व्हिटॅमिन सीचं सीरम आणतो आहे. त्यात एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल 10 टक्के आहे आणि पीएच साडेतीनच्या खाली ठेवला आहे, कारण त्याहून वर हे आम्ल त्वचेत नीट शिरत नाही. बाटली 15 मिलीची, अपारदर्शक, हवा आत न घेणाऱ्या पंपाची. किंमत 499 रुपये. बाजारात शेजारी 30 मिलीची ड्रॉपरची बाटली 599 रुपयांना मिळते आहे असं समजू. गिऱ्हाईक पहिल्यांदा भागाकार करणार. इकडे मिलीला 33 रुपये, तिकडे 20. हा हिशोब तिच्या मनात पक्का झाल्यावर तुम्ही पंपाचं कितीही कौतुक करा, ते सारवासारव वाटतं. म्हणून टीझरचं खरं काम उत्सुकता वाढवणं एवढंच उरत नाही. किंमत कळण्याआधी बाटली लहान का आहे, हे तिला पटलेलं असलं पाहिजे. तीन पोस्टचा क्रम या एका गरजेतून ठरतो.

पहिल्या पोस्टमध्ये ब्रँडची बाटली नकोच. एकच छायाचित्र घ्यायचं: पांढऱ्या बशीत दोन थेंब, एक जवळजवळ पाण्यासारखा, दुसरा चहासारखा तांबूस. कॅप्शन, ‘एकाच बाटलीतले. मध्ये दहा आठवडे गेले.’ व्हिटॅमिन सी वापरलेल्या बाईला हे दृश्य ओळखीचं असतं. तिच्या आरशासमोर अशी बाटली उभी असते आणि ती फेकावी की संपवावी, हे तिला ठरवता आलेलं नसतं. लोवेन्स्टाइन म्हणतो ती अर्धी माहिती तिच्याकडे आधीच असते. नेमका प्रश्न फक्त तुम्ही मांडता. इथे दोन पथ्यं आहेत. थेंब स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या बॅचचे हवेत आणि कॅप्शनमधले आठवडे खरे हवेत. दुसऱ्या कोणाची ओळखू येईल अशी बाटली दाखवली तर विषय बदनामीच्या नोटिशीपर्यंत जातो. आणि या पोस्टमध्ये तारीख द्यायची नाही. पंप गळतो, लेबलं परत छापावी लागतात, माल पंधरा दिवस लांबतो. तारीख फक्त गोदामात माल मोजून झाल्यावर.

दुसरी पोस्ट चार दिवसांनी. सगळी मालिका हिच्यावर उभी आहे, म्हणून सर्वांत जास्त मेहनत इथे. चार-पाच चित्रांचं कॅरोसेल. रंग का बदलतो ते पहिल्या दोन चित्रांत सांगायचं: अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, त्याचं आधी डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होतं, मग तेही मोडतं आणि पिवळे-तपकिरी पदार्थ उरतात. उजेड आणि उष्णता हा वेग वाढवतात. तिसऱ्या चित्रात ड्रॉपरची बाटली: प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आत ताजी हवा, आणि बाटली जितकी रिकामी तितकी तिच्यात हवा जास्त. चौथ्या चित्रात हिशोब. एका वेळी पाव मिली लागतं, रोज एकदा लावलं तर 15 मिली साठ दिवस पुरतं. पंपात थोडं अडकून राहतं, म्हणून दोन महिन्यांना जरा कमीच. 30 मिलीची बाटली चार महिने उघडी राहणार. ती दोन महिन्यांत तांबूस होऊन टाकून दिली, तर 599 रुपये दोन महिन्यांचे झाले, म्हणजे महिन्याला सुमारे 300. लहान बाटलीचे महिन्याला सुमारे 250, पण हा आकडा तिसऱ्या पोस्टसाठी राखून ठेवायचा. प्रत्येकीची बाटली दोन महिन्यांत बिघडते असं नाही, ती कुठे ठेवली यावर ते अवलंबून असतं, हे त्याच चित्रात लिहायचं. ही ओळ गाळण्याचा मोह होतो. पण ती गाळली की जिची बाटली चार महिने चांगली राहिली आहे, ती कमेंटमध्ये येऊन सगळा हिशोब मोडते.

या पोस्टमध्ये किंमत नाही, नाव नाही. फक्त शेवटच्या चित्रात अपारदर्शक बाटलीची आकृती आणि ‘आम्ही ती लहान ठेवली’ एवढंच. पहिल्या पोस्टमधला ‘रंग का बदलतो’ हा प्रश्न इथे मिटला आणि ‘ही लहान बाटली केवढ्याला’ हा नवा उघडला.

याच टप्प्यावर सफरचंदाचा प्रयोग करायची हुक्की येते. कापलेल्या फोडीवर सीरम लावायचं, दुसरी फोड तशीच ठेवायची, तासाभराने एक पांढरी आणि दुसरी तपकिरी. रील झकास होते. पण फळाची फोड एंझाइममुळे काळी पडते, ते आंबट लिंबानेही थांबतं. त्यातून सफरचंदाबद्दल कळतं, त्वचेबद्दल काही नाही. आधी-नंतरचे चेहरेही नकोत. असा फरक दिसायला आठ-बारा आठवडे लागतात. तशी चाचणी झाली नसेल तर फोटोत दिसतो तो फरक प्रकाशाचा.

शब्दांच्या बाबतीत कायद्याची रेघ स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 नुसार प्रसाधन म्हणजे स्वच्छता, सौंदर्य किंवा रूप बदलण्यासाठी अंगाला लावायची वस्तू. रोगावर उपचार म्हटलं की ती वस्तू औषधाच्या व्याख्येत जाते. ‘त्वचा तजेलदार दिसते’ चालतं, ‘वांग बरा होतो’ चालत नाही. गोरेपणाच्या भाषेवर जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्येच बंधनं घातली, आणि 2020 मध्ये तर हिंदुस्तान युनिलिव्हरने आपल्या जुन्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ काढून टाकलं. टीझर कोणा इन्फ्लुएन्सरकडून करवून घेतला, अगदी फुकट बाटली देऊन, तरी त्यावर जाहिरात असल्याचं लिहावं लागतं. परिषदेचे 2021 चे नियम तसे आहेत. इन्फ्लुएन्सरचा ‘मला माहीत आहे काय येतंय’ हा सूर टीझरमध्ये फार चालतो, म्हणून ही गोष्ट विसरली जाते.

तिसरी पोस्ट आणखी तीन दिवसांनी, विक्रीच्या दोन दिवस आधी. हिच्यात गूढ काही ठेवायचं नाही. बाटली हातात धरलेली, म्हणजे आकार डोळ्यांना कळावा. नाव, 15 मिली, 499 रुपये, तारीख, वेळ, घटकांची पूर्ण यादी. एकेका घटकाचा टीझर करत बसणारे ब्रँड आहेत, पण ज्यांची त्वचा चटकन चुरचुरते त्यांना यादी आधी हवी असते आणि विकत घेण्यापूर्वी त्या ती वाचतातच. पीएच इतका कमी आहे तेव्हा आधी कानामागे लावून पाहा, हेही इथेच.

आता माध्यमाची एक अडचण. इन्स्टाग्राम पोस्ट टाकल्या त्या क्रमाने दाखवत नाही. बऱ्याच जणींना तिसरी पोस्ट आधी दिसेल, दुसरी कदाचित दिसणारच नाही. म्हणजे किंमत कळते आणि लहान बाटलीचं कारण कळत नाही, ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच हुकतं. उपाय दोन. तिसऱ्या पोस्टच्या दुसऱ्या चित्रात ते दोन थेंब आणि महिन्याचा हिशोब पुन्हा घ्यायचा. कॅप्शनची पहिली ओळच फीडमध्ये दिसते, म्हणून तिथेही ‘दोन महिन्यांची बाटली’ हे शब्द. दुसरं, प्रोफाइलवर तीन पोस्ट पिन करता येतात आणि वरच्या ओळीत तीनच मावतात. शेवटी पिन केलेली सर्वांत डावीकडे येते, तेव्हा आधी तिसरी, मग दुसरी, मग पहिली पिन करायची. प्रोफाइलवर येणारी डावीकडून वाचते.

मालिका जमली की नाही, हे लाइकवरून कळत नाही. पहिलीखाली ‘मी फ्रिजमध्ये ठेवते’, ‘मग हे फेकायचं का?’ अशा कमेंट आल्या तर प्रश्न बरोबर पोचला. ‘सनस्क्रीन येतंय का?’ असे अंदाज आले तर चित्र चुकीच्या दिशेला नेतं आहे, दुसरीच्या पहिल्याच चित्रात सीरम हा शब्द आणायचा. दुसरी किती जणींनी सेव्ह केली ते पाहावं, कारण हिशोब लोक जपून ठेवतात. तिसरीखाली ‘एवढीशी बाटली?’ असं बऱ्याच जणी विचारू लागल्या, तर दुसरी फसली असं समजावं. मग विक्रीच्या आदल्या दिवशी स्टोरीवर फक्त दुसरीतलं चौथं चित्र पुन्हा चढवावं, नवीन काही बनवत बसू नये.

या रचनेची एक किंमत मोजावी लागते. रंग पाहून सीरम तपासायला तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे पहिलं पार्सल उघडताच गिऱ्हाईक तळहातावर एक दाब घेऊन रंग बघणार. मे महिन्यात नागपूरला कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापलेली बाटली असेल तर तो फिकट पिवळा असू शकतो. माल 40 अंशांवर ठेवून घेतलेल्या चाचणीत किती आठवड्यांनी रंग कसा झाला, याची नोंद टीझर लिहिण्याआधी हातात हवी. त्यातला पहिल्या दिवसाचा रंग तिसऱ्या पोस्टमध्ये थेंबाच्या छायाचित्रासह दाखवावा, आणि ‘कधीच रंग बदलत नाही’ असं कुठेही लिहू नये. पंप रंग बदलण्याचा वेग कमी करतो, बदल थांबवत नाही. नोंदच नसेल तर दोन थेंबांचं ते चित्र वापरू नये आणि विक्री नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलावी.